लॉगिन लॉक झाले, मुदत आज रात्री संपते

२०२५ साली अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले आणि महाड-पोलादपूरच्या घरांतही पोर्टल, ओटीपी हे शब्द रोजचे झाले. २१ मेला नोंदणी सुरू व्हायची होती, पण त्याच दिवशी संकेतस्थळ बंद पडले आणि नोंदणी २६ मेपासून घ्यावी लागली. सगळ्यांचेच संकेतस्थळ बंद पडते तेव्हा ते वर आपोआप कळते. एकट्या आपल्या मुलीचे खाते लॉक होते, तेव्हा मात्र आपण कळवल्याशिवाय कोणालाच पत्ता नसतो. म्हणून आधी दोघा-तिघांना फोन करून विचारावे, तुमचे उघडते का? त्यांचे उघडत असेल, तर अडचण आपल्या खात्याची आहे.

खाते बहुधा चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकल्याने लॉक होते. काही पोर्टलवर ते थोड्या वेळाने आपोआप उघडते. पण मधे मधे प्रयत्न करत राहिलो तर ती वेळ वाढू शकते. तेव्हा हात आवरावा आणि `Forgot Password` वापरून पाहावे. इथे आपल्या घरांतली एक नेहमीची अडचण आम्हा शिक्षकांना दिसते. नोंदणी करताना अब्बांचा नंबर दिलेला असतो आणि अब्बा असतात आखातात. त्यांचे इथले सिम तिथे चालू नसेल, तर ओटीपी कुणाच्याच हाती लागत नाही. अशा वेळी पोर्टलच्या मदत कक्षाला लिहिण्यावाचून मार्ग उरत नाही.

घाबरलेला माणूस लिहितो, “सर, साइट चालत नाही, प्लीज मदत करा, माझ्या करिअरचा प्रश्न आहे.” वाचणाऱ्याला यातून काहीच सापडत नाही. अर्ज कोणाचा, अडला कुठे, करायचे काय, हे त्याला उलट विचारावे लागते आणि तेवढ्यात मुदत संपते. समजा, पोलादपूरच्या एका मुलीने सकाळी परीक्षा शुल्क भरले, संध्याकाळी अर्ज अंतिम सादर करायला बसली आणि खाते लॉक झाले. तिने असे लिहावे:

“विषय: खाते लॉक, अर्ज सादर करणे बाकी, मुदत आज रात्री ११.५९ – अर्ज क्रमांक (…)

महोदय, माझे नाव (…), पद (…), नोंदणीकृत मोबाइल (…). आज सकाळी १०.२० वाजता शुल्क भरले. व्यवहार क्रमांक (…). संध्याकाळी ६.४० वाजता लॉगिन करताना `Your account has been locked` असा संदेश आला. पासवर्ड बदलण्याचा प्रयत्न केला, पण नोंदवलेला नंबर परदेशात असल्याने ओटीपी मिळत नाही. कृपया मुदतीपूर्वी खाते उघडावे किंवा ओटीपी माझ्या ई-मेलवर पाठवावा. पडद्याचे छायाचित्र व शुल्काची पावती जोडली आहे. संपर्क: (…)”

यात तक्रार नाही, विनवणी नाही. अर्ज शोधण्याचा क्रमांक, अडचणीची वेळ, पडद्यावरचे नेमके शब्द आणि एकच मागणी आहे. ई-मेल नोंदणीच्या वेळी दिलेल्याच पत्त्यावरून पाठवावा, म्हणजे ओळख पटते. पासवर्ड किंवा ओटीपी त्यात कधीच लिहू नये. पोर्टलवर तक्रारीची सोय असेल तर तिथेही नोंदवून तक्रार क्रमांक जपावा. फोनवर बोलणे झाले तरी लेखी पाठवावेच, कारण फोनचा पुरावा हाती राहत नाही.

पुराव्याचे मोल कळावे म्हणून एक खटला सांगतो. २०२१ साली एका दलित विद्यार्थ्याला आयआयटी मुंबईत जागा मिळाली. त्याने २९ ऑक्टोबरला पोर्टलवर कागदपत्रे चढवली. शुल्काचे पैसे बहिणीने दिले. पण ३१ ऑक्टोबरला, मुदतीच्या दिवशी, पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही भरणा होईना. दुसऱ्या दिवशी तो थेट खरगपूरच्या आयआयटीत जाऊन अधिकाऱ्यांना भेटला. त्यांनी असमर्थता दाखवली. मुंबई उच्च न्यायालयातही यश आले नाही. २२ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि ए. एस. बोपण्णा यांनी घटनेच्या कलम १४२ मधला विशेष अधिकार वापरून ४८ तासांत त्याला जागा देण्याचा आदेश दिला, तोही इतर कुणाची जागा न काढता.

मुदतीआधी कुठल्या दिवशी काय केले, हे त्याला तारखेनिशी सांगता आले. तरीही हा अपवाद आहे. कलम १४२ चा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे आणि तिथवर जाणे प्रत्येकाला जमत नाही. मुदतीआधी पाठवलेला नीट संदेश मात्र पोलादपूरच्या घरातूनही जातो. उत्तर आले नाही, तरी तो आणि त्यावरची वेळ आपल्याकडे राहते, आणि पुढे त्या विभागाकडे दाद मागताना तोच कागद पुढे ठेवता येतो.