दोन्ही झडपा बंद, मग हृदय करतंय काय?

‘नीट’सारख्या परीक्षेत किंवा वैद्यकीयच्या पहिल्या वर्षात हृदयचक्राचा प्रश्न आला की बरीच मुलं घोकलेली वाक्यं आठवू लागतात. पी लहर म्हणजे अमुक, टी लहर म्हणजे तमुक. प्रश्न मात्र बहुधा एका क्षणावर बोट ठेवतो आणि विचारतो, या क्षणी हृदयात काय चाललंय? तिथं पाठांतर अपुरं पडतं.

एक नमुना घेऊ. ईसीजीवर क्यूआरएसच्या उंच टोकाच्या किंचित पुढे ‘अ’ ही खूण आहे. त्या क्षणी डाव्या निलयातला, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यातला दाब ५० आहे, त्याच्या वरच्या अलिंदातला ८ आणि महाधमनीतला ८० (सगळे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये). निलयात १२० मिलिलिटर रक्त आहे. पर्याय चार: निलय भरतोय, रक्त बाहेर फेकतोय, आकुंचन पावतोय पण रक्त हलत नाही, की शिथिल होतोय?

ईसीजी बाजूला ठेवा आणि आधी दाब पाहा. हृदयाच्या झडपांना स्वतःची ताकद नसते. मागचा दाब जास्त झाला की त्या उघडतात, पुढचा जास्त झाला की मिटतात. निलयातला दाब ५०, अलिंदातला ८; म्हणजे या दोघांमधली झडप बंद. महाधमनीतला दाब ८०, निलयातला ५०. म्हणजे बाहेर जाणारी झडपही बंद. रक्ताला ना यायला वाट, ना जायला. त्यामुळे ‘भरतोय’ आणि ‘फेकतोय’ हे दोन पर्याय तिथंच बाद झाले.

उरले दोन, आणि खरी मेख इथंच आहे. एका ठोक्यात दोन्ही झडपा बंद असण्याची वेळ दोनदा येते: एकदा आकुंचन सुरू झाल्यावर, एकदा रक्त फेकून झाल्यावर. यातली आत्ताची कोणती, ते दाबाच्या एका आकड्यावरून कळत नाही. आता ईसीजीकडे वळायचं. क्यूआरएस म्हणजे निलयाच्या स्नायूत पसरलेली विजेची लाट. ती पसरते आणि मागोमाग स्नायू आवळू लागतो. ‘अ’ खूण तिच्या लगेच पुढे आहे, म्हणजे दाब चढतोय. रक्तही भरलेलं, १२० मिलिलिटर. उत्तर तिसरं: आकुंचन चालू आहे, पण रक्त हलत नाही. हा टप्पा जेमतेम ०.०५ सेकंदाचा. दाब ८० च्या वर गेला की महाधमनीची झडप उघडते.

आता खूण पुढे सरकवू. ईसीजीच्या कागदावरचा लहान चौकोन नेहमीच्या वेगाला ०.०४ सेकंदाचा असतो. मिनिटाला ७५ ठोके असतील तर दोन ठोक्यांत असे २० चौकोन भरतात, म्हणजे ०.८ सेकंद. उंच टोकापासून नऊ-एक चौकोन पुढे, टी लहर नुकतीच संपलेली आहे, तिथं ‘ब’ खूण करा. निलयात दाब ६०, महाधमनीत ९५, अलिंदात १०. दोन्ही झडपा पुन्हा बंदच. पण निलयात आता ५० मिलिलिटरच रक्त उरलंय आणि टी लहर मागे पडलीय. म्हणजे दाब उतरतोय, निलय शिथिल होतोय. मधल्या वेळात ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत गेलं.

टी लहरीवर हमखास घसरायला होतं. ती विश्रांतीची खूण म्हणून पाठ केलेली असते, त्यामुळे तिच्या शिखरावर खूण दिसली की ‘निलय भरतोय’ असं उत्तर लिहिलं जातं. प्रत्यक्षात त्या वेळी रक्त अजून बाहेर पडत असतं. विजेची घटना आधी आणि स्नायूची नंतर, हा क्रम तिथंही सुटत नाही. महाधमनीची झडप मिटते ती टी लहर संपण्याच्या सुमारास. छातीवर ऐकू येणारा दुसरा ठोका तेव्हाचाच.

पी लहरीचंही तसंच. तिच्यानंतर अलिंद आवळतं खरं, पण विश्रांतीच्या वेळी निलय तोवर बराचसा भरलेला असतो. अलिंद शेवटची साधारण पाचव्या हिश्शाची भर घालतं. अलिंदाची लय बिघडून पी लहर नाहीशी झाली तरी रक्ताभिसरण चालू राहतं, ते यामुळेच.

म्हणून अशा प्रश्नात आधी तिन्ही दाबांची तुलना करून झडपा ठरवा, मग ईसीजीवरून चढ की उतार ते पाहा आणि शेवटी रक्ताच्या आकड्याशी ताळा करा. ईसीजी फक्त वीज दाखवतो. दाब, झडपा किंवा रक्त नाही. कागदावर लहरी उमटत असूनही हृदय रक्त ढकलत नाही, अशी अवस्था रुग्णात येऊ शकते. म्हणूनच पडद्यावर लहरी दिसत असल्या, तरी बेशुद्ध रुग्णाची नाडी हातानं तपासावीच लागते.