डोळा लागताना बसणारा झटका

दिवा मालवून अंथरुणावर पडल्यावर पाच-दहा मिनिटांत डोळे जड होतात, विचारांची संगती तुटू लागते आणि नेमक्या त्याच वेळी अख्खं अंग एकदम उडतं. पाय ताडकन झटकला जातो, कधी हात उडतो, कधी तोंडातून अस्फुट आवाज निघतो. पायरी चुकल्यासारखं किंवा उंचावरून खाली पडल्यासारखं वाटतं. माणूस दचकून जागा होतो, छाती धडधडत असते, पण मिनिटभरात सारं शांत होतं आणि बहुतेक वेळा लगेच झोपही लागते. वैद्यकात याला ‘स्लीप स्टार्ट’ किंवा ‘हिप्निक जर्क’ म्हणतात. अंदाजे साठ ते सत्तर टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी याचा अनुभव येतो. झोपेच्या विकारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही त्याला आजार म्हटलेलं नाही; सर्वसामान्य माणसात दिसणारा एक प्रकार, अशीच त्याची नोंद आहे.

डॉक्टरांचं याकडे लक्ष जाऊन शतकाहून अधिक काळ लोटला. अमेरिकी मज्जाविकारतज्ज्ञ सायलस वेअर मिचेल यांनी 1890 मध्ये झोपेच्या तक्रारींबद्दल लिहिताना अशा झटक्यांचं वर्णन केलं होतं. पुढे इयन ऑस्वल्ड या ब्रिटिश संशोधकाने झोपी जाणाऱ्या माणसांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदवून या झटक्यांचा अभ्यास केला आणि तो 1959 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेव्हापासून हा झटका नेमका कोणत्या घडीला येतो याविषयी फारसा वाद उरलेला नाही. तो का येतो, याबद्दल मात्र अजून चर्चा चालू आहे.

झोप ही हळूहळू चढत जाते असं वाटतं, पण मेंदूत जागेपण आणि झोप या दोन बाजू एकमेकींना सतत दाबून ठेवत असतात. जागेपणाची केंद्रं मुख्यतः मेंदूच्या बुंध्यात, म्हणजे मस्तिष्कस्तंभात आणि त्याच्या जवळपास आहेत. झोप आणणाऱ्या चेतापेशींचा एक महत्त्वाचा पुंजका मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात असतो. क्लिफर्ड सेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये या व्यवस्थेची तुलना विजेच्या खटक्याशी केली. खटका इकडे तरी असतो नाहीतर तिकडे. मध्येच अडकून राहणं त्याला जमत नाही. त्यामुळे माणूस दिवसभर सलग जागा राहू शकतो आणि रात्री सलग झोपूही शकतो. मात्र खटका एका बाजूकडून दुसरीकडे जात असतानाची थोडीशी घडी डळमळीत असते, आणि झटका येतो तो त्याच घडीला.

त्या वेळी शरीरात काय चाललेलं असतं ते यंत्रावर पाहता येतं. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या जाग्या माणसाच्या मेंदूतून सेकंदाला आठ ते तेरा आवर्तनांच्या लहरी निघतात. झोपेचा पहिला, सर्वांत उथळ टप्पा सुरू झाला की त्या विरतात आणि अधिक संथ लहरी दिसू लागतात. पापण्यांखाली बुबुळं सावकाश इकडून तिकडे फिरतात. हृदयाचे ठोके किंचित कमी होतात, श्वास संथ होतो, स्नायूंचा ताण उतरू लागतो. हा टप्पा साधारण काही मिनिटांचाच. त्यात जागेपणाची यंत्रणा पुरती माघार घेण्याआधीच मस्तिष्कस्तंभातून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूकडे अचानक आज्ञांचा एक लोंढा सुटतो आणि अनेक स्नायू एकदम आकुंचन पावतात. सर्वाधिक मान्य असलेलं स्पष्टीकरण हे आहे. स्नायूंची विद्युत नोंद घेतली, तर हे आकुंचन सहसा पाव सेकंदाच्या आतच संपलेलं दिसतं. दोन्ही बाजू सारख्या हलतीलच असं नाही. एकच पाय उडाला तरी तो याच प्रकारात मोडतो.

पडल्याचा भास आधी होतो की झटका, हे अनुभवणाऱ्याला सांगता येत नाही. स्वप्नात पाय घसरला म्हणून अंग उडालं, असं त्याला हमखास वाटतं. प्रत्यक्षात उलटही घडत असावं: स्नायूंनी अचानक दिलेल्या धक्क्याला अर्धवट झोपलेला मेंदू एक गोष्ट चिकटवून देतो आणि ती गोष्ट नंतर आधीची वाटते. काही जणांना पडल्याच्या भासाऐवजी डोळ्यांपुढे लख्ख उजेड चमकल्यासारखा वाटतो, काहींना अंगातून शिरशिरी गेल्यासारखं होतं. हेही त्याच क्षणाचे आविष्कार आहेत.

या झटक्याभोवती दोन गोष्टी फार सांगितल्या जातात. एक अशी की, माणसाचे पूर्वज झाडावर झोपत आणि तोल जाऊ नये म्हणून मेंदू अजून तसाच सावध करतो. कल्पना रंजक आहे, पण पडताळून पाहता येईल असा पुरावा तिच्यामागे नाही. दुसरी गोष्ट मात्र घाबरवणारी आहे: झोपताना हृदय थांबू लागतं आणि शरीर मरतंय असं समजून मेंदू धक्का देऊन जागं करतो. ही सरळसरळ चुकीची समजूत आहे. झोप लागताना ठोके फक्त थोडे संथ होतात. नंतरची धडधड झटक्यामुळे येते. अचानक जाग आल्यावर शरीर जसं सज्ज होतं तसं ते झालेलं असतं.

झटके कधी वाढतात, हे एका नमुन्यावरून नीट कळेल. समजा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा चोवीस-पंचवीस वर्षांचा एक मुलगा आहे. परीक्षा जवळ आल्याने तो रात्री दीडला झोपतो आणि सकाळी सहाला उठतो. पेंग येऊ नये म्हणून रात्री अकराला कडक कॉफी घेतो. एका रात्री डोळा लागताच अंग उडतं. दुसऱ्या रात्री तेच, एकदा नाही तर दोनदा. मग तो मोबाइलवर शोधतो, फेफऱ्यापासून मेंदूच्या गाठीपर्यंत सगळं वाचतो आणि तिसऱ्या रात्री झटका येतो का याची वाट पाहत पडून राहतो.

त्याच्या बाबतीत तीन कारणं एकमेकांत गुंतली आहेत. कॉफीतलं कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे अकराच्या कॉफीतलं निम्मं कॅफिन पहाटे चारलाही रक्तात असतं. दिवसभरात मेंदूत साठत जाणारं ॲडेनोसिन हे रसायन झोपेची ओढ निर्माण करतं. कॅफिन नेमकं त्याचंच काम अडवतं. इकडे कित्येक दिवसांच्या अपुऱ्या झोपेमुळे झोपेचा रेटा मात्र प्रचंड आहे. एकाच वेळी जोरात ओढणारी झोप आणि हट्टाने टिकून राहिलेलं जागेपण, अशी ही ओढाताण आहे. तिसरं कारण भीती. ती जागेपणाच्या यंत्रणेला आणखी बळ देते, त्यामुळे झटके वाढतात आणि वाढलेले झटके पुन्हा भीती वाढवतात. रात्री उशिरा केलेला जोरकस व्यायाम, निकोटिन आणि नैराश्यावरची काही औषधं यांमुळेही झटके वाढल्याचं दिसतं. अशी औषधं चालू असतील तर ती आपणहून बंद करू नयेत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगावं.

या मुलाला मज्जाविकारतज्ज्ञाने तपासलं, तर यंत्रांआधी प्रश्नच जास्त उपयोगी पडतील. झटका फक्त डोळा लागतानाच येतो का? एकदोनदा येऊन थांबतो का? झटक्यानंतर लगेच पूर्ण शुद्ध असते का? जीभ चावली जाते का, अंथरुणात लघवी होते का, नंतर गोंधळल्यासारखं वाटतं का? सकाळी उठल्यावर हातातला कप किंवा ब्रश उडून पडतो का? पहिल्या तिन्हींची उत्तरं ‘हो’ आणि बाकीच्यांची ‘नाही’ आली, तर शारीरिक तपासणीनंतर सहसा मेंदूचा आलेख किंवा स्कॅन करण्याची गरज उरत नाही.

शेवटचा प्रश्न उगीच विचारलेला नसतो. किशोरवयात सुरू होणाऱ्या एका प्रकारच्या अपस्मारात असेच हाताचे झटके येतात, पण ते मुख्यतः सकाळी उठल्यानंतरच्या वेळात आणि पूर्ण जागेपणी. घरचे त्याला बरेचदा वेंधळेपणा समजतात, म्हणून तो उशिरा ओळखला जातो. झोपेत पाय हलण्याचा आणखी एक निराळा प्रकार आहे. त्यात झोप लागल्यानंतर पायाचा अंगठा आणि घोटा दर पाच ते नव्वद सेकंदांनी, ठराविक लयीत, वर ओढला जातो. झोपणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. लाथा खाणारा शेजारचाच तक्रार करतो. स्लीप स्टार्टला अशी लय नसते.

बाळांबद्दलही इथेच सांगायला हवं. तान्ही बाळं झोपेत हातपाय झटकतात, आणि उठवल्यावर झटके लगेच थांबत असतील, बाळ नीट पीत आणि वाढत असेल, तर ते सहसा निरुपद्रवी असतात. मात्र जागेपणी किंवा नुकतं झोपेतून उठल्यावर बाळ एकामागून एक, अनेकदा मान-कंबर वाकवून आखडत असेल, तर दृष्ट काढत बसू नये. त्याला त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे न्यावं, कारण तो अपस्माराचा गंभीर प्रकार असू शकतो आणि उपचाराला उशीर झाल्यास नुकसान होतं.

साध्या झटक्यावर औषध लागत नाही. त्या मुलाने दुपारनंतर कॉफी सोडली आणि झोपेची वेळ पुढे आणून सहा-सात तासांची झोप मिळवली, तर झटके बहुधा कमी होतील. एखाददुसरा तरीही येईल आणि त्याने काही बिघडत नाही. फार क्वचित, झटक्यांमुळे रात्रीमागून रात्री झोपच लागत नसेल, तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी क्लोनाझेपामसारखं औषध कमी मात्रेत देतात. त्याची सवय लागू शकते, म्हणून ते दुकानातून परस्पर आणून घेऊ नये. शंका असेल तर घरातल्या कुणाला तरी रात्री मोबाइलवर झटक्याचं चित्रण करायला सांगावं आणि ते डॉक्टरांना दाखवावं. तोंडी वर्णनापेक्षा त्या काही सेकंदांवरून निदान लवकर होतं.