जुनं झाकायचं की पुसायचं?

माझी वहिनी डोंबिवलीत घरगुती फराळ विकते. 2016 साली तिनं त्यासाठी इन्स्टाग्रामवर व्यवसायाचं खातं उघडलं. 2021 मध्ये घरात आजारपण आलं आणि काम थांबलं, खातंही तसंच पडून राहिलं. यंदा दिवाळीच्या ऑर्डरी पुन्हा घ्यायच्या म्हणून तिनं ते उघडलं, तर आत 386 पोस्टी. पाच वर्षांच्या सणांच्या शुभेच्छा, जुने दर, गिऱ्हाइकांच्या चॅटचे स्क्रीनशॉट. ती म्हणाली, "भाऊजी, सगळंच उडवून टाकूया का?"

सगळं उडवलं असतं तर खातं काल उघडल्यासारखं दिसलं असतं. अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवण्याआधी गिऱ्हाईक खाली सरकवत जाऊन हे किती जुनं आहे ते बघतं. 2016 च्या पहिल्या चकलीचा फोटो अंधारा आहे, पण वहिनी तेव्हापासून चकल्या करते याचा तो पुरावा आहे. तो आम्ही ठेवला.

आर्काइव्ह आणि डिलीट यांतला फरक आधी नीट कळायला हवा. आर्काइव्ह केलेली पोस्ट लोकांना दिसत नाही, पण लाइक आणि कमेंटसकट आपल्याकडे राहते. परत आणली तर ती मूळ तारखेच्याच जागी जाऊन बसते. डिलीट केलेली पोस्ट तीस दिवस Recently deleted मध्ये असते, मग कायमची जाते. Your activity मध्ये जाऊन एकदम अनेक पोस्टी निवडता येतात, म्हणून घाईत हात चालवण्याचा धोकाही तिथंच असतो. आम्ही आधी संपूर्ण खात्याची प्रत डाउनलोड करून ठेवली.

पहिल्यांदा दरपत्रकं घेतली. पाच वर्षांपूर्वीच्या दराचा फोटो दाखवून गिऱ्हाईक त्याच भावात मागतं आणि वाद होतो. शिवाय त्यांवर वहिनीचा जुना मोबाइल नंबर होता. बंद केलेला नंबर कंपन्या काही महिन्यांनी दुसऱ्याला देतात, म्हणजे फोन कुणा भलत्याकडेच जाणार. नंबर फोटोखालच्या मजकुरात असेल तर तो बदलता येतो आणि पोस्ट वाचते. फोटोवरच छापलेला असेल तर पोस्ट बाजूला काढण्यावाचून इलाज नाही. ही दरपत्रकं आम्ही आर्काइव्ह केली, पुसली नाहीत. कोणत्या वर्षी काय भाव लावला होता, हे वहिनीला नवे दर ठरवताना लागणार होतं.

सणांच्या शुभेच्छांवर फार विचार करावा लागला नाही. इंटरनेटवरून उचललेली गणपतीची चित्रं पुसली, कारण ती आपली नव्हतीच. बाकीच्या शुभेच्छा आर्काइव्हमध्ये गेल्या.

खरी अडचण कौतुकाच्या स्क्रीनशॉटांची होती. वहिनीला ते सर्वांत प्रिय. पण त्यांत गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर उघडे होते, एका फोटोत तर कुणाच्या लहान मुलीचा चेहरा. "आर्काइव्ह करते, कोण बघतंय?" असं ती म्हणाली. इथं मी अडून बसलो. आर्काइव्ह म्हणजे नुसता पडदा. खात्याचा पासवर्ड ज्याच्या हाती, त्याला त्यामागचं सगळं दिसतं, मग तो पूर्वीचा मदतनीस असो वा खातं पळवणारा चोर. आपलं जुनं झाकून ठेवलं तरी चालतं, दुसऱ्याचं खाजगी मात्र पुसायलाच हवं. डाउनलोड केलेल्या प्रतीतूनही ते फोटो काढून टाकले. काही चांगल्या पोस्टींखाली गिऱ्हाइकांनी कमेंटमध्येच फ्लॅटचा पत्ता लिहिला होता. तिथं फक्त ती कमेंट काढली.

एक पोस्ट नाचणीच्या लाडवांची होती, सुंदर फोटो, भरपूर लाइक. खाली लिहिलं होतं, 'मधुमेह बरा होतो.' खाद्यपदार्थानं आजार बरा होतो असं जाहिरातीत सांगायला अन्नसुरक्षेच्या 2018 च्या नियमांनुसार मनाई आहे. नियम बाजूला ठेवला, तरी ते वाचून एखाद्यानं गोळ्या सोडल्या तर? फोटो चांगला होता म्हणून पोस्ट ठेवली आणि तेवढी ओळ काढून टाकली.

शेवटी 94 पोस्टी दिसत्या राहिल्या, 251 आर्काइव्हमध्ये गेल्या आणि 41 पुसल्या. दिसत्या ठेवताना लाइकपेक्षा किती जणांनी पोस्ट सेव्ह केली हे पाहिलं. अनारशाचं पीठ कसं टिकवायचं हे सांगणारी साधीशी पोस्ट त्यात सर्वांत पुढं निघाली, ती आता प्रोफाइलवर सर्वांत वर पिन केली आहे. जुने चौकोनी फोटो 2025 पासूनच्या उभट चौकटीत कडेनं कापलेले दिसतात, पण तेवढ्यासाठी काही पुसलं नाही. उघडल्यावर फोटो पूर्ण दिसतोच.

तुम्ही हे काम काढाल तेव्हा डिलीट केल्याची तारीख वहीत लिहून ठेवा आणि पंचविसाव्या दिवशी ती यादी एकदा पुन्हा बघा. तिसाव्या दिवसानंतर मागायला जागा नाही.