नव्या माणसाचा परिचय शंभर शब्दांत

‘अत्यंत मेहनती, उत्साही आणि ग्राहकांना प्राधान्य देणाऱ्या अशा त्या आमच्या परिवारात सामील होत आहेत. त्यांच्या दांडग्या अनुभवाचा कंपनीला निश्चितच फायदा होईल. त्यांना वाचन, प्रवास आणि संगीताची आवड आहे.’

छोट्या कंपनीच्या माहितीपत्रकात ‘आमची माणसं’ असं एक पान असतं. नवं माणूस रुजू झालं, की तिथे साधारण असा मजकूर छापला जातो. यात खोटं काही नाही. पण हा परिचय वाचून त्या बाई हिशेब पाहतात, यंत्रं दुरुस्त करतात की माल पोचवतात, हे कळत नाही. त्यांचं नाव काढून शेजारच्या कंपनीतल्या कुणाचंही नाव घातलं, तरी एक शब्द बदलावा लागणार नाही.

असं का होतं, याचं एक कारण आपल्या सवयीत आहे. मराठी घरात ‘परिचय’ म्हटलं, की दोन नमुने डोळ्यांसमोर येतात. एक लग्नाच्या स्थळाचा बायोडेटा: जन्मतारीख, शिक्षण, मूळ गाव, आवडीनिवडी. दुसरा व्यासपीठावरचा पाहुण्यांचा परिचय. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेला न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली सुरुवात केली, म्हणजे वक्त्याची ओळख करून देण्याची आपली सवय चांगलीच जुनी आहे. पण स्थळाच्या कागदाचं काम दोन घरांना एकमेकांची माहिती देणं, आणि व्यासपीठावरच्या ओळखीचं काम श्रोत्यांच्या मनात वक्त्याविषयी आदर निर्माण करणं. कंपनीच्या पानावरच्या परिचयाचं काम या दोन्हींहून वेगळं असतं. वाचणाऱ्याला तिथे एवढंच हवं असतं: माझं काय अडलं, म्हणजे मी या माणसाला विचारायचं?

एक कल्पित उदाहरण सविस्तर पाहू. चौदा माणसांची एक कंपनी आहे. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी ती नोंदी आणि बिलांची संगणकप्रणाली बनवते. तिथे ग्राहक-मदतीचं काम पाहायला एक बाई नव्याने आल्या आहेत. याआधी आठ वर्षं त्या एका सहकारी दूध संस्थेत संकलन आणि बिलं पाहत होत्या. परिचय लिहायचं काम कार्यालयातल्या एका तरुणाकडे आलं. वर दिलेला पहिला मजकूर त्याचाच. त्याच्याकडे बाईंचा नोकरीचा अर्ज होता आणि अर्जातली विशेषणं त्याने उचलली होती.

मालकांनी तो कागद परत पाठवला आणि त्याला सांगितलं, आधी त्यांच्याशी वीस मिनिटं बोल.

तो बोलायला बसला, तेव्हा पहिला प्रश्न वाया गेला. ‘तुमची ताकद काय, असं सांगाल?’ असं विचारल्यावर बाई थोड्या अवघडल्या आणि ‘मेहनत’ म्हणाल्या. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करणं बहुतेकांना जमत नाही, त्यामुळे या प्रश्नाला सगळीकडे तेच उत्तर येतं. मग त्याने विचारलं, ‘तिथे केंद्रावर लोक तुमच्याकडे काय घेऊन यायचे?’

आणि बाई बोलायला लागल्या. सकाळी रांगेत उभा असलेला शेतकरी पावती पुढे करायचा. ‘ताई, काल फॅट 3.8 लागली होती, आज 3.4 कशी?’ अशा वेळी त्या आधी यंत्राकडे पाहायच्या नाहीत, कॅनकडे पाहायच्या. दूध स्थिर राहिलं की स्निग्धांश वर येतो. कॅन नीट न ढवळता नमुना घेतला, तर वरच्या दुधाची फॅट जास्त लागते आणि खालच्या दुधाची कमी. नमुना ठीक असेल, तर यंत्र धुतलंय का ते बघायचं. तेही ठीक असेल, तर मग नोंद. गाईच्या दुधापुढे चुकून म्हैस निवडली गेली, की दरपत्रकच बदलतं आणि दहा दिवसांच्या बिलात ती चूक मुरून बसते. शेतकऱ्याला ती पैसे हातात पडल्यावर कळते, आणि मग पुढच्या बिलात वळती करताना भांडणं होतात.

तरुणाची वही भरली. त्याच्या कंपनीला फोन करणारे केंद्रचालक नेमकं हेच विचारत असतात, आणि याची उत्तरं ठाऊक असलेलं माणूस आता त्यांच्याकडे आलं होतं. अर्जात मात्र यातलं एक अक्षरही नव्हतं. तिथे ‘संकलन व लेखा विभागात कार्यरत’ एवढंच लिहिलेलं.

नव्या माणसाचा परिचय लिहिताना खरी अडचण इथेच येते. त्याने या कंपनीत अजून काहीच केलेलं नसतं. मग लिहिणारा भविष्यकाळाचा आधार घेतो: फायदा होईल, नवी उंची गाठतील. ही आश्वासनं त्या माणसाने दिलेली नसतात आणि वाचणाऱ्याला ती पडताळता येत नाहीत. त्यापेक्षा मागच्या कामातली एक खरी, बारकाव्यांसह सांगता येणारी गोष्ट घ्यावी आणि ती इथल्या कामाला जोडावी.

हलक्याफुलक्या वैयक्तिक ओळीचंही असंच आहे. वाचन, प्रवास, संगीत ही आवड निम्म्या महाराष्ट्राला असते, म्हणून तिच्यातून माणूस दिसत नाही. तरुणाने बाईंना छंद विचारलाच नाही. निघता निघता त्याने सहज विचारलं, ‘घरी जनावरं आहेत का?’ तीन गाई होत्या. वासरांची नावं बाईच ठेवतात. सर्वांत धाकटीचं नाव गुगली, कारण दावं सोडलं की ती कुठल्या बाजूला उधळेल याचा अंदाज येत नाही. ही ओळ छापायचीच, असं त्याने तिथेच ठरवलं. त्याचा हा निर्णय योग्यच होता. गोठा आणि क्रिकेट दोन्ही त्या एका ओळीत आले, आणि फोन करणाऱ्या केंद्रचालकाला बोलणं सुरू करायला एक विषय मिळाला.

दुसरा मजकूर असा झाला. नाव आणि पद मथळ्यात होतं, म्हणून आत ते पुन्हा घातलं नाही.

‘दूध केंद्रांचे पहाटेचे फोन आता त्या घेतात. 2016 ते 2024 या काळात त्यांनी एका सहकारी दूध संस्थेत संकलन आणि उत्पादकांची बिलं सांभाळली. फॅट अचानक उतरली, दरपत्रक बदललं किंवा गाईच्या दुधाला म्हशीचा दर लागला, तर चूक कुठे शोधायची हे त्यांना ठाऊक आहे. नव्या केंद्रांना प्रणाली शिकवण्याचं कामही त्यांच्याकडे आहे. घरच्या वासरांची नावं त्याच ठेवतात. सर्वांत धाकटीचं नाव गुगली, कारण ती कुठे वळेल ते कुणालाच सांगता येत नाही.’

मालकांनी पहिल्याच वाक्यावर बोट ठेवलं. ‘पहाटेचे’ म्हटलं, की साडेचारला फोन वाजेल. मदतीची वेळ सकाळी सहाची. तिथे ‘सकाळी सहापासूनचे फोन’ असा बदल झाला. परिचयातला सुंदर शब्दही वचन म्हणून वाचला जातो, आणि ते वचन दुसऱ्याच माणसाला पाळावं लागतं.

2016 ते 2024 असं सालवार लिहिण्यामागेही व्यवहार आहे. ‘आठ वर्षांचा अनुभव’ हे वाक्य पुढच्या वर्षी जुनं होतं, आणि माहितीपत्रक दोन-तीन वर्षं तसंच वाटलं जातं. सालं मात्र शिळी होत नाहीत.

सर्वनामाचा प्रश्न मराठीत नाजूक असतो. कार्यालयात सगळे बाईंना ‘ताई’ म्हणतात. पण पानावर पुरुषांसाठी ‘ते’ आणि आडनाव, तर स्त्रियांसाठी नुसतं पहिलं नाव, असा भेद नकळत शिरतो. ओळीने सगळे परिचय एकदा वाचले की तो लगेच दिसतो. चौदाही जणांना एकच पद्धत लावावी. नाव कसं छापायचं, हे मात्र ज्याचं त्याला विचारावं. लग्नानंतर कागदोपत्री आडनाव बदललेलं असतं, पण केंद्रचालक जुन्याच आडनावाने ओळखत असतात. वडिलांचं किंवा पतीचं नाव मध्ये हवं की नको, हाही त्या व्यक्तीचाच निर्णय.

वहीत लिहिलेलं बरंच काही छापलं गेलं नाही. बाईंचं गाव, मुलांची नावं, शाळा, वाढदिवस हे सगळं गप्पांत आलं होतं आणि त्यातलं काही गोडही होतं. तरी ते वगळलं. बँकेची किंवा ईमेलची ‘सुरक्षा प्रश्न’ म्हणून विचारली जाणारी माहिती बहुतेक हीच असते. शिवाय फसवणूक करणारे नव्या माणसाला मुद्दाम गाठतात. रुजू होऊन आठवडा झालेल्या व्यक्तीला संचालकांच्या नावाने निरोप येतो: ‘बैठकीत आहे, फोन करू नका, ताबडतोब अमुक रक्कम पाठवा.’ संचालकांची भाषा, त्यांची सवय नव्या माणसाला अजून ओळखीची नसते, आणि विचारायचा संकोच वाटतो. म्हणून रुजू झाल्याची नेमकी तारीखही पानावर नसलेली बरी, आणि पान छापण्याआधी नव्या माणसाला या प्रकाराची कल्पना द्यावी.

छापण्यापूर्वी मजकूर बाईंना दाखवला गेला. 2023 साली संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत केला. माणसाची संमती आणि ती मागे घेण्याचा त्याचा हक्क हा त्या कायद्याचा गाभा आहे. पण चौदा माणसांच्या कंपनीत कायद्याच्या आधी साधी गोष्ट असते: आपल्याविषयी छापलेलं आपण आधी वाचलेलं असावं. बाईंनी वाचून एक दुरुस्ती सांगितली. ‘बिलं सांभाळली’ हे बरोबर नाही, बिलं तपासून पुढे पाठवण्याचं काम त्यांचं होतं, मंजुरी सचिव द्यायचे. तरुणाला हा फरक बारीक वाटला. पण जुन्या संस्थेतल्या कुणी तो परिचय वाचला असता, तर त्याच्या लेखी बाईंनी दुसऱ्याचं काम आपल्या नावावर घेतलं, असंच झालं असतं. तिथे ‘बिलं तपासली’ असं झालं.

तीन महिन्यांनी मजकूर पुन्हा काढायचा, असं तेव्हाच ठरलं होतं. तोवर बाईंनी इथेही काही केलेलं होतं. दुधाचा प्रकार चुकीचा निवडला गेला, तर नोंद करतानाच इशारा देणारी सूचना त्यांच्या सांगण्यावरून प्रणालीत आली होती. ‘प्रणाली शिकवण्याचं कामही त्यांच्याकडे आहे’ या सपक वाक्याच्या जागी ती गोष्ट आली. मजकूर छापायला जाणार, एवढ्यात बाईंचा फोन आला. शेवटची ओळ आता खरी राहिली नव्हती. आदल्या रात्री गोठ्यात आणखी एक वासरू झालं होतं, आणि त्याचं नाव अजून ठरायचं होतं.