पैसे कोणाच्या हातात, मालकी कोणाची?

पासबुकाच्या पहिल्या पानावर, नाव-पत्ता आणि ग्राहक क्रमांकाच्या खाली, एक बारीक ओळ छापलेली असते: 'नॉमिनेशन रजिस्टर्ड'. काही बँका पुढे नॉमिनीचे नावही छापतात, काही नुसतीच नोंद झाल्याचे सांगतात. घरचा कर्ता माणूस ती ओळ पाहतो आणि निश्चिंत होतो. "सगळीकडे नॉमिनी लावून ठेवलाय, माझ्यामागे कोणाला त्रास नको," हे वाक्य मराठी घरांतून कितीदा तरी ऐकू येते. भावना खरी आहे. त्रास मात्र टळतोच असे नाही, कारण त्या ओळीचा अर्थ कर्त्या माणसाच्या मनात एक असतो आणि कायद्यात दुसरा.

नॉमिनेशन बँकेला एवढेच सांगते की खातेदार गेल्यावर पैसे कोणाच्या हाती द्यायचे. ते पैसे शेवटी कोणाच्या मालकीचे, हे मृत्युपत्र सांगते. मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा सांगतो. बँकिंग नियमन कायद्याच्या ४५झेडए या कलमात बँकेची सोय पाहिलेली आहे. नॉमिनीला रक्कम दिली की बँक मोकळी झाली. घरात कोण कोणाशी भांडते आहे, कपाटात मृत्युपत्र आहे की नाही, हे शोधत बसण्याची तिला गरज नाही. दुसऱ्या वारसाने लेखी हरकत घेतली तरी कोर्टाचा आदेश असल्याशिवाय बँक थांबत नाही. मात्र नॉमिनी पैसे घेतो तो सगळ्या वारसांच्या वतीने. बँक ठेवींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे स्पष्ट केले: नॉमिनीला रक्कम उचलण्याचा हक्क आहे, तेवढ्याने तो मालक होत नाही.

समजा, सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त शिक्षक आहेत. घरात पत्नी, थकलेली आई, पुण्यात नोकरी करणारा मुलगा आणि कोल्हापूरला दिलेली मुलगी. गुरुजींच्या १८ लाखांच्या मुदत ठेवी आहेत आणि त्यावर नॉमिनी आहे मुलगा. का? तर ठेवी ठेवायला बँकेत तोच सोबत आला होता, फॉर्म त्यानेच भरला. नोकरीला लागताना उघडलेल्या जुन्या बचत खात्यावर नॉमिनी आहेत गुरुजींचे वडील, जे जाऊन पंचवीस वर्षे झाली. आणि ८ लाखांची एक विमा पॉलिसी आहे, तिच्यावर पत्नीचे नाव. मृत्युपत्र केलेले नाही.

गुरुजी गेले तर ठेवींचे काय होईल? मुलगा मृत्यूचा दाखला, दाव्याचा फॉर्म आणि स्वतःची ओळखपत्रे देईल. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे कागदपत्रे पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा आहे. म्हणजे १८ लाख थोड्याच दिवसांत मुलाच्या खात्यात जमा. इथवर नॉमिनेशनने आपले काम चोख केले.

आता मालकी पाहू. हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई. हो, आईसुद्धा, बहुतेक घरांत तिचा हिस्सा कोणाच्या ध्यानातच नसतो. चौघांचे वाटे सारखे, प्रत्येकी साडेचार लाख. मुलाच्या खात्यात आलेल्या १८ लाखांतले साडेतेरा लाख त्याचे नाहीतच. ते त्याने आजी, आई आणि बहीण यांना द्यायचे आहेत. त्याने दिले तर उत्तम. नाही दिले तर बँक मध्ये पडणार नाही, बाकीच्यांना दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागेल. पुढे आजी गेली की तिचे साडेचार लाख तिच्या सगळ्या मुलांकडे, म्हणजे गुरुजींच्या भाऊ-बहिणींकडेही जातील. गुरुजींच्या मनात यातले काहीच नव्हते. त्यांना वाटत होते, ठेवी बायकोच्या म्हातारपणासाठी आहेत.

यात मुलगा लबाडच असावा लागतो असे नाही. "बाबांनी माझे नाव घातले म्हणजे मला दिले," असे त्याला प्रामाणिकपणे वाटू शकते. बहिणीलाही तसेच वाटू शकते, आणि ती मनात अढी धरून गप्प बसते. घरे तुटतात ती पुष्कळदा अशी, फॉर्मवरच्या एका रकान्याचा अर्थ दोघांनी दोन तऱ्हांनी लावल्यामुळे.

जुन्या बचत खात्याची गोष्ट वेगळी. नॉमिनीच हयात नाही, म्हणजे नॉमिनेशन नसल्यासारखेच. अशा वेळी सगळ्या वारसांनी मिळून दावा करायचा, हमीपत्र द्यायचे, ज्यांना आपला वाटा नको त्यांनी तसे लिहून द्यायचे. व्यापारी बँकांत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत, वाद नसेल तर, हे सोप्या पद्धतीने करण्याची मुभा आहे. रक्कम त्याहून मोठी असली की बँक वारस प्रमाणपत्रासारखा कोर्टाचा कागद मागू शकते.

मग गुरुजींनी "सर्व ठेवी पत्नीला" असे मृत्युपत्र केले आणि बँकेतला नॉमिनी तसाच ठेवला तर? मालकी पत्नीची होईल, पण पैसे पहिल्यांदा मुलाच्याच हाती पडतील. बँकेच्या दप्तरातले नॉमिनेशन मृत्युपत्राने बदलत नाही, हे ४५झेडए कलमातच लिहिलेले आहे. ज्याला द्यायचे त्याचेच नाव मृत्युपत्रात आणि त्याचेच नॉमिनी म्हणून, हा खरा उपाय. नॉमिनी बदलायला पैसे पडत नाहीत, एक फॉर्म भरावा लागतो. संयुक्त खाते असेल तर त्या फॉर्मवर सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींवर चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक अशा क्रमाने. पत्नीला ६० आणि मुलीला ४० टक्के असे गुरुजींना हवे असेल, तर तसेच बँकेतही लिहून देता येईल. लॉकरसाठी मात्र फक्त क्रमाने.

विम्याचा कायदा इथून वेगळ्या वाटेने जातो, आणि नेमका हाच फरक लोकांना माहीत नसतो. विम्यातही पूर्वी नॉमिनी फक्त रक्कम घेणारा होता. डिसेंबर १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. पॉलिसीवर नॉमिनी म्हणून विधवा पत्नी होती, आणि मृताच्या आईने व मुलाने हिस्सा मागितला. न्यायालयाने सांगितले, रक्कम पत्नी घेईल, पण वाटा सगळ्या वारसांचा. पुढे २०१५ च्या दुरुस्तीने विमा कायद्याचे ३९ वे कलम बदलले. आता पॉलिसीधारकाने आपले आईवडील, पती किंवा पत्नी, किंवा मुले यांच्यापैकी कोणाला नॉमिनी केले असेल, तर ती रक्कम त्या नॉमिनीच्या लाभासाठीच आहे असे कलम म्हणते. भाऊ, पुतण्या किंवा मित्र नॉमिनी असेल तर तो अजूनही पैसे घेणाराच.

म्हणजे गुरुजींचे ८ लाख पत्नीचेच, असे म्हणायला आधार आहे. मात्र या दुरुस्तीने वारसा कायदा बाजूला पडतो का, यावर उच्च न्यायालयांचे एकमत नाही. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकच्या उच्च न्यायालयांनी, इतर वारसांनी हक्क सांगितल्यास वाटणी वारसा कायद्यानेच, असा कौल दिला आहे. त्यामुळे नॉमिनी पत्नी असली तरी "पॉलिसीची रक्कम पत्नीला" ही ओळ मृत्युपत्रात लिहिणे शहाणपणाचे.

याच कलमात आणखी एक बारकावा आहे. विम्याचा नॉमिनी मृत्युपत्रानेही बदलता येतो, पण विमा कंपनीला तशी लेखी सूचना मिळालेली नसेल आणि तिने जुन्या नॉमिनीला सद्भावनेने पैसे दिले, तर कंपनीची जबाबदारी संपते. मृत्युपत्र कपाटात राहिले आणि कंपनीला काहीच कळवले नाही, तर तो बदल कागदावरच राहील. नॉमिनी अज्ञान मूल असेल, तर ते सज्ञान होईपर्यंत त्याच्या वतीने रक्कम घेणाऱ्या व्यक्तीचे नावही नोंदवता येते. हा रकाना रिकामा सोडू नये.

महाराष्ट्रातल्या एका प्रसिद्ध घरातही हा प्रश्न आला होता. 'कालनिर्णय'कार जयंतराव साळगांवकर यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते आणि २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या म्युच्युअल फंडांवर नॉमिनी नेमलेले होते. मालक नॉमिनी की मृत्युपत्राप्रमाणे वारस, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ डिसेंबर २०२३ ला निकाल आला: शेअर आणि म्युच्युअल फंडांतही नॉमिनी मालक होत नाही. निधनानंतर दहा वर्षांनी.

मृत्युपत्र करणे वाटते तेवढे अवघड नाही. साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. दोघांनीही करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे, आणि ज्यांना त्या मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. वय झालेले असेल तर त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडावे. ठेवींबद्दल लिहिताना नुसता पावती क्रमांक देऊ नये. ठेवीचे नूतनीकरण झाले की क्रमांक बदलू शकतो, आणि मग "ही ठेव ती नव्हेच" असा वाद निघतो. बँक आणि शाखेचे नाव लिहून "माझ्या मृत्यूच्या वेळी तिथे असलेल्या सर्व ठेवी" अशी शब्दयोजना केली की हा प्रश्न उरत नाही. शेवटी "वर न लिहिलेले इतर जे काही असेल ते अमुक यांना" हे वाक्य हवेच.

मनाप्रमाणे मृत्युपत्र करण्याची ही मोकळीक सगळ्यांना सारखी नाही. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांशच मालमत्ता देता येते, आणि गोव्यात निम्मा भाग सक्तीच्या वारसांसाठी राखून ठेवावा लागतो. तिथल्या वाचकांनी आपल्या वकिलाला विचारूनच लिहावे.

घरातली सगळी पासबुके, ठेवीच्या पावत्या आणि पॉलिसी एका रविवारी जेवणाच्या टेबलावर मांडा. प्रत्येकीवरचा नॉमिनी कोण, तो हयात आहे का, आणि ते पैसे खरोखर त्यालाच द्यायचे आहेत का, हे पत्नीला आणि मुलांना समोर बसवून वाचा. जिथे उत्तर 'नाही' येईल, तिथला फॉर्म सोमवारी बँकेतून आणा आणि भरून दिल्याची पोच घ्यायला विसरू नका.