पाच वर्षं भाडं की पाच वर्षं हप्ते?

‘भाड्याचे पैसे वाया जातात, त्यापेक्षा हप्ते भरा,’ हा सल्ला घराघरांत दिला जातो. पण हप्त्यातले किती पैसे वाया जातात, हे सहसा कुणी मोजत नाही.

समजा, पुण्यात वारजे-धायरीच्या बाजूला एक जोडपं २२,००० रुपये भाड्यानं टू बीएचकेत राहतं. त्याच इमारतीतला तसाच फ्लॅट ८० लाखांना विकायला आहे. करार दर ११ महिन्यांनी नवा होतो आणि भाडं ५ टक्के वाढतं. हिशेबाला सोपं जावं म्हणून ही वाढ वर्षाला धरली, तर पाचव्या वर्षी भाडं २६,७४० च्या आसपास पोचतं. पाच वर्षांचं एकूण भाडं होतं साधारण १४ लाख ६० हजार. दोनदा दलाली, एकदा सामान हलवणं आणि करारांच्या नोंदणीचा खर्च मिळून आणखी ७० हजार. म्हणजे १५ लाख ३० हजार. डिपॉझिट परत मिळतं आणि सोसायटीचा मेन्टेनन्स घरमालक भरतो, असं धरलं आहे.

घरमालकानं दरवर्षी ५ ऐवजी १० टक्के वाढवले तर? पाच वर्षांत फरक पडतो जेमतेम दीड लाखाचा. ज्या वाढीची भाडेकरूंना सर्वात जास्त धास्ती असते, ती या हिशेबात तुलनेनं छोटी बाब आहे.

आता तोच फ्लॅट विकत घेऊ. २० टक्के, म्हणजे १६ लाख, स्वतःचे. त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी, असे ५ लाख ९० हजार. उरलेले ६४ लाख साडेआठ टक्के व्याजानं २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता बसतो सुमारे ५५,५४० रुपये. पहिल्या हप्त्यातले ४५,३३३ रुपये व्याजापोटी जातात आणि मुद्दल फिटतं फक्त १०,२०० रुपयांचं. पाच वर्षांत ३३ लाख ३० हजार भरूनही कर्ज ५६ लाख ४० हजार शिल्लक असतं. मेन्टेनन्स, मिळकत कर, रंगकाम आणि बाथरूमच्या गळतीची दुरुस्ती मिळून महिन्याला सरासरी साडेसात हजार धरले, तर पाच वर्षांचे आणखी साडेचार लाख होतात.

व्याज, देखभाल आणि नोंदणीचा खर्च, हे परत न येणारे पैसे. त्यांची बेरीज ३६ लाखांवर जाते. भाड्याच्या घरात हाच आकडा १५ लाख ३० हजार आहे.

मग भाडंच बरं? एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण घराची किंमत वाढली तर ती वाढ मालकाच्या पदरात पडते. भाडेकरूकडे मात्र सुरुवातीचे २१ लाख ९० हजार शिल्लक असतात, शिवाय दरमहा सरासरी साडेसदतीस हजार वाचतात. हे सगळे पैसे त्यानं नेमानं गुंतवले आणि कर वजा जाता ६ टक्के परतावा मिळाला, तर पाच वर्षांनी त्याच्याकडे साधारण साडेपंचावन्न लाख जमतात. फ्लॅट विकून कर्ज फेडल्यावर मालकाच्या हाती तेवढेच पैसे उरायचे, तर त्याला जवळपास १ कोटी १२ लाख यायला हवेत. याचा अर्थ, पाच वर्षं दरसाल सुमारे ७ टक्के भाववाढ. दरसाल ४ टक्केच वाढ झाली, तर मालक साडेचौदा लाखांनी मागे राहतो. ९ टक्के झाली, तर अकरा लाखांनी पुढे जातो.

यातली मेख भाडेकरूच्या बचतीत आहे. दरमहाच्या साडेसदतीस हजारांतले निम्मेच गुंतवले आणि बाकीचे खर्च झाले, तर बरोबरी साधायला घराची सव्वाचार टक्के वाढही पुरते. हप्ता बँक खात्यातून आपोआप कापून घेते, बचतीची आठवण मात्र स्वतःलाच ठेवावी लागते.

व्याजाचा दरही हलतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांचा हप्ता फारसा न बदलता कर्जाची मुदतच लांबली. म्हणून बँकेकडून फेडीचं वेळापत्रक मागवून ६० व्या हप्त्यानंतरची शिल्लक पाहावी. जुन्या करपद्धतीत गृहकर्जाच्या व्याजावर आणि घरभाडे भत्त्यावर सवलत मिळते. आपण त्या पद्धतीत असू, तर दोन्ही बाजूंचे आकडे पुन्हा मांडावे लागतात.

हे सगळं पाच वर्षांचं गणित झालं. मुलांच्या शाळेमुळे पंधरा वर्षं तिथंच राहायचं असेल, तर ५ लाख ९० हजारांचा नोंदणीखर्च तितक्या वर्षांत विभागला जातो, हप्त्यातला मुद्दलाचा वाटा वाढत जातो आणि दर साल ५ टक्क्यांनी वाढणारं भाडं पंधराव्या वर्षी ४३,००० च्या पुढे गेलेलं असतं.