चाळीस फेऱ्यांना एक फेरी

निमगाव सावा आणि कुकडी खोऱ्यातल्या इतर गावांत उन्हाळ्यात एकच चर्चा असते: आवर्तन कधी सुटणार? येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. त्यांचं पाणी जुन्नर-आंबेगावातून पुढे शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. निर्णय बैठकीत होतो, पण प्रत्यक्षात पाणी सुटतं ते लोखंडी दार वर उचललं गेल्यावर. धरणांच्या मोठ्या दारांसाठी आपल्याकडे दोरखंड-ड्रमचं उच्चालक यंत्र सर्रास वापरतात. त्यात मोटर असते, ब्रेक असतो, दोन्ही बाजूंच्या ड्रमपर्यंत जाणारे लांब शाफ्ट असतात आणि मधोमध बिडाच्या पेटीत, तेलात बुडालेली, वर्म आणि वर्म व्हीलची जोडी असते.

वर्म म्हणजे आटे पाडलेला पोलादी दांडा. वर्म व्हील म्हणजे त्याच्याशी काटकोनात बसणारं फॉस्फर ब्राँझचं दातेरी चाक. आटा एकेरी आणि चाकाला चाळीस दाते असतील, तर दांड्याच्या चाळीस फेऱ्या झाल्यावर चाक एकदा फिरतं. मिनिटाला 1440 फेऱ्या घेणारी मोटर एकाच टप्प्यात 36 फेऱ्यांवर येते. शिवाय चाकाकडून जोर लावला तर वर्म सहसा फिरत नाही. कित्येक टनांचं दार दोरखंडावर लटकत असताना हा गुण लाखमोलाचा ठरतो.

अशा पेटीतलं व्हील झिजलं की खरी परीक्षा सुरू होते. पेटी जुनी, बनवणाऱ्याची पाटी पुसलेली, नकाशा कुठेच नाही. मग झिजलेली जोडी वर्कशॉपमध्ये येते आणि संगणकावर तिचं मॉडेल करायचं ठरतं. इथे बहुतेकांचा समज असा असतो की गुणोत्तर, लीड अँगल आणि दोन शाफ्टमधलं केंद्रांतर ही तीन स्वतंत्र मापं आहेत आणि ती एकेक करून भरली की काम झालं. तसं नसतं. तिन्ही एकाच सूत्रात ओवलेली आहेत, आणि पेटी आधीपासून हातात असेल तर त्यातलं केंद्रांतर बदलण्याचा अधिकार कुणालाच नाही. बेअरिंगची भोकं बिडात कायमची पडलेली आहेत. म्हणून मॉडेल सुरू करायचं ते केंद्रांतरापासून.

एक उदाहरण घेऊ. पेटीतल्या भोकांवरून केंद्रांतर 100 मिमी भरलं. चाकाचे दाते मोजले, 40. वर्मचा बाहेरचा व्यास 48 मिमी. आता आट्यांचं अंतर हवं. एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत व्हर्नियर लावला तर झिजेमुळे आकडा फसवतो. चार अंतरं एकदम मोजायची आणि चारने भागायचं. इथे चार अंतरांचं माप 50.27 मिमी आलं, म्हणजे एक अंतर 12.57. त्याला पायने भागलं की 4 येतात. मॉड्यूल 4. चार अंतरांना 50.80 भरले असते तर ते बरोबर दोन इंच, म्हणजे आटा अर्ध्या इंचाचा आणि जोडी इंची मापातली असती. हा फरक एका आट्यावर सहज नजरेतून सुटतो, चारांवर तो अर्ध्या मिलिमीटरचा होतो आणि सुटत नाही.

मॉड्यूल 4 म्हणजे वर्मच्या आट्याची उंची मध्यवर्तुळाच्या वर 4 मिमी. बाहेरच्या 48 मधून दोन्ही बाजूंचे 4-4 वजा केले की वर्मचा मध्यव्यास 40 मिळतो. चाकाचा मध्यव्यास 4 गुणिले 40, म्हणजे 160. दोन्हींची बेरीज 200, तिचं निम्मं 100. पेटीशी जुळलं. इथे जुळलं नसतं, तर पुढे एक रेषाही ओढण्यात अर्थ नव्हता.

वर्मचा मध्यव्यास मॉड्यूलच्या कितीपट आहे, या आकड्याला q म्हणतात. इथे तो 10. लीड अँगल त्यावरूनच ठरतो. आट्याची एक फेरी उलगडून सपाट केली तर घाटाच्या चढासारखा एक उतार दिसतो: पाया 125.66 मिमी, उंची 12.57 मिमी. दहाला एक असा चढ, म्हणजे 5.71 अंश. मॉडेलच्या फाईलच्या डोक्यावर एवढा हिशेब लिहून ठेवला की पुढचं प्रत्येक माप त्यातूनच काढता येतं. ओपनएससीएडीमध्ये तो असा लिहितात:

```
m = 4; q = 10; z1 = 1; z2 = 40;
d1 = m*q;
d2 = m*z2;
a = (d1 + d2)/2;
lead = PI*m*z1;
gamma = atan(z1/q);
echo(a, lead, gamma, z2/z1);
```

उत्तर येतं 100, 12.5664, 5.71059 आणि 40.

आता खरी गोम. z1 म्हणजे वर्मवर एकाच वेळी सुरू होणाऱ्या आट्यांची संख्या, कारखान्याच्या भाषेत स्टार्ट. वरच्या ओळींत m = 2, q = 20, z1 = 2, z2 = 80 घालून पाहावं. केंद्रांतर 100, लीड 12.57, कोन 5.71 अंश, गुणोत्तर 40. चारही आकडे तेच! वर्मचा मध्यव्यासही 40 आणि चाकाचा 160. तरी ही जोडी वेगळी आहे. दाते निम्म्या जाडीचे, आटे दुप्पट दाट. पहिल्या वर्मवर दुसरं चाक बसणार नाही. म्हणून नुसतं गुणोत्तर, कोन आणि केंद्रांतर कळवून नवीन चाक मागवलं तर चुकीचं चाक येऊ शकतं. वर्म उभा धरून टोकाकडून पाहायचं आणि किती आटे सुरू होतात ते मोजायचं. मिनिटभराचं काम आहे, आणि त्यावर पूर्ण जोडीचं भवितव्य ठरतं.

मॉडेलमध्येही दुहेरी आट्याचा घोटाळा नेहमी होतो. फ्रीकॅडच्या `Part Design` मध्ये दांड्यातून आट्याची खाच कोरायला `Subtractive Helix` वापरतात. तिथल्या `Pitch` च्या रकान्यात शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर लिहायचं नसतं, एका फेरीत आटा किती पुढे जातो ते, म्हणजे लीड लिहायचं असतं. एकेरी आट्यात दोन्ही एकच असल्याने चूक लपते. दुहेरीत 6.28 लिहिलं तर संगणक निमूटपणे एकेरी आटा काढतो, कोन निम्मा होतो आणि गुणोत्तर 80 होतं. चित्र मात्र अगदी खरं दिसतं. तिथे लीड 12.57 ठेवून खाच एकदा कोरायची आणि तीच 180 अंशांवर दुसऱ्यांदा.

आपल्या एकेरी वर्मची खाच समलंब चौकोनी असते. तिचं रेखाटन वर्मच्या अक्षातून जाणाऱ्या पातळीवरच करायचं, कारण बाजूंचा 20 अंशांचा उतार या प्रकारच्या वर्ममध्ये तिथे मोजला जातो. मध्यव्यासावर खाचेची रुंदी 6.28, बाहेर 9.19, तळाला 2.79 आणि तळाचा व्यास 30.4 मिमी.

चाक काढताना सर्वांत महागात पडणारी चूक होते. घाईत लोक तिरप्या दात्यांचं तयार हेलिकल गिअर घेतात, मॉड्यूल 4, दाते 40, कोन 5.71 भरतात आणि वर्मशेजारी ठेवतात. पण हेलिकल गिअरमध्ये मॉड्यूल साधारणपणे दात्याला लंब असलेल्या दिशेत मोजतात. चाकाच्या पातळीत तो 4.02 होतो, मध्यव्यास 160.80 होतो आणि केंद्रांतर 100.40. बिडाची भोकं 100 वरच असतात. असं चाक कापून आणलं तर ते पेटीत अडकतं, आणि मग कुणीतरी कानस हातात घेतं. दुसरा दोष याहून खोल आहे. हेलिकल दाता सरळ कडेचा असतो, त्यामुळे वर्मला तो जवळजवळ एका बिंदूत टेकतो. वर्म व्हीलचा दाता वर्मभोवती खोलगट वळलेला असतो आणि लांब रेषेत टेकतो. दाराचं ओझं बिंदूवर पेललं तर ब्राँझ थोड्याच दिवसांत खरवडून निघतं.

खरं चाक हॉबिंग मशीनवर जसं बनतं तसंच ते संगणकावर बनवायचं. आधी खोलगट कडेची चकती: मधला व्यास 168, खोलगटाची त्रिज्या 16, रुंदी 36 मिमीपर्यंत. मग वर्मचीच थोडी जाड प्रत, बाहेरचा व्यास 49.6, हत्यार म्हणून घ्यायची, वाढीव 1.6 मिमीमुळे दात्याच्या तळाशी तेलाला जागा राहते. हे हत्यार 100 मिमी अंतरावर ठेवून चकतीतून वजा करायचं. वर्म 15 अंश फिरवायचा, चकती 0.375 अंश, आणि पुन्हा वजा. वर्मची एक फेरी पुरी झाली की चकती 9 अंश, म्हणजे बरोबर एक दाता सरकलेली असते. चकतीच्या कडेपासून आत शिरून बाहेर पडेपर्यंत हे करत राहिलं की एक खाच पूर्ण होते आणि तिच्या चाळीस प्रती फिरवून चाक मिळतं. संगणक यात दमतो, पण अंतर, कोन आणि गुणोत्तर तिन्ही दात्याच्या आकारातच उतरतात.

झालेल्या जोडीची तपासणी दोन ठिकाणी करावी. वर्म आणि चाक यांचा सामाईक भाग काढून पाहावा. तो शून्य हवा, आणि वर्म पाव-पाव फेरी व चाक त्याच प्रमाणात फिरवल्यावरही शून्यच राहायला हवा. दुसरं, आट्याचा हात. उजवा वर्म आणि उजवं चाक हीच जोडी. फाईल चुकून आरशासारखी उलटली तरी डावी जोडी आपसात सुरेख फिरते, फक्त दार वर घ्यायचं बटण दाबल्यावर ते खाली येतं.

राहिला प्रश्न दार आपोआप न घसरण्याचा. पोलाद आणि ब्राँझ यांच्यातलं घर्षण 0.1 धरलं तर घर्षणकोन 5.71 अंशच येतो, आणि 20 अंशांच्या उताराचा परिणाम धरून 6.07. म्हणजे आपली जोडी थांबते ती अगदी काठावर. तेलात फिरताना घर्षण 0.05 पर्यंत उतरलं की घर्षणकोन 3 अंशांवर येतो. कार्यक्षमता मग 65 टक्क्यांच्या आसपास जाते, पण वर्म एकदा फिरू लागला की ओझं त्याला फिरवत नेऊ शकतं. पाण्याच्या धक्क्याने दार थरथरत असेल तर एवढी सुरुवातही पुरते. पक्कं थांबणं हवं असेल तर कोन आणखी कमी करावा लागतो आणि निम्म्याहून जास्त शक्ती उष्णतेत घालवावी लागते. म्हणूनच दाराच्या यंत्रावर वर्मशिवाय वेगळा ब्रेक असतो. नवीन चाक बसवताना तो काढून टाकायचा विचार कुणी करू नये.

आणि बदलीसाठी व्हील पाठवताना कृपया वर्मही सोबत पाठवा. स्टार्ट किती, आट्याचा हात कोणता आणि पेटीच्या भोकांमधलं अंतर किती, हे कागदावर लिहून द्या. झिजलेल्या चाकावर या तिन्हींचा नेमका माग उरलेला नसतो.